रात्रपाळी कोणाची?

माझ्या भाचीच्या घरात महिन्याभरापूर्वी मोठा कल्ला झाला. मुलगी साडेतीन महिन्यांची. भाची रात्री दहाला तिला पाजून, झोपवून स्वयंपाकघरात जायची आणि नवऱ्याच्या बाटलीतला एक लार्ज पाण्यात घेऊन गॅलरीत बसायची. असं तीनेक आठवडे चाललं होतं. एके सकाळी सिंकमध्ये विसळायचा राहिलेला ग्लास सासूबाईंच्या नाकाला लागला, आणि त्या रविवारी आम्ही सगळे जेवायला जमलो तेव्हा वरण-भाताच्या आधीच विषय निघाला. अंगावर पाजणारी बाई आणि दारू, हा एक पक्ष. नवरा शुक्रवारी-शनिवारी पितो तेव्हा त्याला कोणी का विचारत नाही, हा दुसरा, भाचीच्या मैत्रिणीचा. तिसरा पक्ष आमच्याच घरातल्या एका डॉक्टरचा: दुधात उतरते ती मात्रा अगदी क्षुल्लक असते, उगाच बाऊ करू नका. तासभर मी ऐकत होतो. त्या तासात कुणीही विचारलं नाही की तो ग्लास संपल्यावर बाळ कुठे झोपायचं, आणि साडेबाराला ते रडलं की उठायचं कोण.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा वाद चारित्र्याचा नाही आणि दुधाचाही जवळजवळ नाही. तो रात्रीचा आहे. ज्या माणसाच्या अंगावर रात्री दुसऱ्या जिवाची जबाबदारी आहे, त्याने विश्रांती म्हणून दारू घेणं हा तोट्याचा सौदा आहे, कारण ती विश्रांती देत नाही, असलेली कापते, आणि वर कान बंद करते. मात्र तिच्या हातातला ग्लास काढून घेणाऱ्या घराने त्या बदल्यात चार तासांची सलग झोप तिच्या हातात ठेवली नाही, तर त्या घराला बोलायचा अधिकार नाही.

आता विरुद्ध बाजूची बळकट बाजू. डॉक्टरसाहेब दुधाबद्दल चूक नव्हते. आईच्या रक्तात अल्कोहोल जितकं, साधारण तितकंच दुधात येतं, आणि रक्तातलं उतरलं की दुधातलंही उतरतं. त्यासाठी दूध पिळून फेकायची गरज नसते, फेकल्याने ते लवकर उतरतही नाही. हिशेब करून बघू. आपल्याकडची व्हिस्की साधारण 42.8 टक्क्यांची. 60 मिलीच्या लार्जमध्ये 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आई 55 किलोची धरली, तर तिच्या रक्तातली पातळी ढोबळमानाने 100 मिलीला 60 मिलिग्रॅमच्या आसपास चढते. त्या भरात बाळ 100 मिली दूध प्यायलं तरी त्याच्या पोटात जातात 60 मिलिग्रॅम, म्हणजे दीड थेंब. दीड थेंबावरून एखाद्या बाईला वाईट आई ठरवायचं असेल, तर सासूबाईंनी स्वतःच्या हाताने तिला सव्वा महिना दोन वेळा दिलेल्या दशमूलारिष्टाचाही हिशेब मांडावा लागेल. अरिष्टात आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतंच, साधारण पाच ते दहा टक्के. बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलंही असतं. 20 मिलीत ते पाऊण ते दीड ग्रॅमच्या आसपास येतं. त्याला कोणी दारू म्हणत नाही, आणि तेवढ्या मात्रेला म्हणायची गरजही नाही. मी हे सासूबाईंना चिडवायला सांगत नाही (त्या दिवशी सांगितलं होतं, ते चिडवायलाच). मुद्दा मात्रेचा आहे. पदार्थाच्या नावावर भांडण केलं की मात्रा आणि वेळ या दोन खऱ्या गोष्टी बाजूला पडतात.

पण दीड थेंब म्हणून विषय संपतो का? अमेरिकेत फिलाडेल्फियाला 1990 च्या दशकात याच प्रश्नावर साधे, नेटके प्रयोग झाले. एकदा थोडं अल्कोहोल मिसळलेलं आईचं दूध आणि एकदा नुसतं दूध, बाळं तीच. पुढच्या साडेतीन तासांत बाळं नुसत्या दुधावर सरासरी 78 मिनिटं झोपली, अल्कोहोलच्या दुधावर 57 मिनिटं. दुसऱ्या एका प्रयोगात आईने पेय घेतल्यावर बाळाच्या पोटात दूधच कमी गेलं. पुढे कळलं की अल्कोहोलने पान्हा फुटायला उशीर होतो. बियरने दूध वाढतं ही समजूत तिथेच निकालात निघाली. बाळाला विषबाधा होते असं यातून सिद्ध होत नाही, आणि कोणी तसं म्हणूही नये. पण आईच्या बाजूने विचार करा. जिला काहीही करून झोप हवी आहे, तिने असं काही घेतलं की ज्याने बाळ अर्धपोटी राहतं आणि वीस मिनिटं कमी झोपतं. मग तिची झोप वाढली की घटली?

दुसरा बळकट मुद्दा अनुभवाचा आहे. दारूने झोप लागते हे खोटं नाही. आडवं झाल्यावर अर्धा तास छतावरचा पंखा बघायचा तो दहा मिनिटांवर येतो. मलाही यायचा. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझे वडील अर्धांगवायूने तेरा महिने अंथरुणावर होते. दिवसा बाई असायची, रात्र माझी. त्यांची वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती, डाव्या हाताने ते पलंगाच्या लोखंडी कठड्यावर स्टीलची वाटी वाजवायचे. लघवी, पाणी, कूस बदलणं, भीती, सगळ्याला तोच आवाज: टण्, टण्. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून मी रात्री रमचा एक लार्ज घ्यायला लागलो. घरातल्या कुणीही आक्षेप घेतला नाही. उलट, ‘दमतो बिचारा’ म्हणून बायको शेंगदाणे भाजून ठेवायची. एका फेब्रुवारीत मला साडेचारला जाग आली तेव्हा वडील पलंग आणि भिंत यांच्या फटीत, ओल्या कपड्यांत, फरशीवर पडलेले होते. वाटी त्यांच्या हातातच होती. शेजारच्या मजल्यावरच्या बाईंनी सकाळी विचारलं, रात्री तुमच्याकडे बराच वेळ काही ठोकत होते का?

म्हणून ‘झोप लागते’ या शब्दांवर मी जरा अडतो. अल्कोहोल मेंदूतले ब्रेक दाबतं आणि माणूस लवकर, जड झोपतो. रात्रीच्या पहिल्या भागात ही झोप नेहमीपेक्षा गाढच असते, आणि धोका नेमका तिथेच आहे. 2004 साली मेलबर्नमधल्या संशोधकांनी तरुण मुलामुलींना थोडी पाजून झोपवलं आणि आगीच्या सूचनेचा भोंगा हळूहळू मोठा करत नेला. 100 मिलीला 50 मिलिग्रॅम एवढ्या पातळीवरच अनेकांना जागं व्हायला खूप मोठा आवाज लागला, काही तर उठलेच नाहीत. ती निरोगी, झोप पूर्ण झालेली पोरं होती, आणि भोंगा होता. वाटी नव्हती, नाक चोंदलेल्या साडेतीन महिन्यांच्या पोरीची घरघर नव्हती.

मग उत्तररात्र येते. यकृत ताशी साधारण 15 मिलिग्रॅमच्या वेगाने पातळी उतरवतं. भाचीची रात्र या हिशेबात बसवून पाहिली. दहाला ग्लास. पावणेअकराच्या सुमारास पातळी शिखरावर. साडेबाराला बाळाचं पहिलं रडणं. तेव्हा रक्तात अजून 30 मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायची मर्यादा बरोबर तेवढीच आहे, म्हणजे त्या वेळी नाक्यावर पोलिसाने अडवलं असतं तर हवालदाराने मशीनकडे दोनदा पाहिलं असतं. तीच बाई अंधारात बाळ उचलते, कुशीवर घेऊन पाजते, आणि पाजता पाजता डोळा लागतो. अडीचच्या सुमाराला रक्त कोरं होतं, आणि दाबून धरलेली स्प्रिंग सुटावी तसा मेंदू उसळतो. ब्रेकचा जोर ओसरलेला, चेतवणारी रसायनं वर आलेली. स्वप्नांची जी झोप पहिल्या भागात दबली होती ती आता तुटक-तुटक, विचित्र स्वप्नांसह परतायला बघते. घसा कोरडा, पाठ घामेजलेली, छातीत धडधड, लघवीला उठावं लागतं. बाळ शांत आहे, आई टक्क जागी. भाचीने मला हे अगदी याच क्रमाने सांगितलं आणि वर म्हणाली, “मामा, तिला जाग यायच्या आधीच मला जाग येते. मला वाटलं आईपणामुळे होतंय.” तीनला बाळ उठलं, पाचला पुन्हा. नव्या आईला खरी झोप मिळण्याची शक्यता असलेले दोनच तुकडे होते. पहिला तिने बेशुद्धीसारखा काढला आणि दुसरा छताकडे बघत. शिवाय काही रात्रींतच शरीर सरावतं, एका लार्जने पंखा लवकर दिसेनासा होत नाही, आणि दीड ओतावासा वाटतो. उत्तररात्रीची मोडतोड मात्र सवयीने कमी होत नाही.

इथे कोणी म्हणेल, एका पेगने एवढं होतं तर शनिवारी पार्टीला पिणारे सगळे कोलमडायला हवेत. फरक असा की ते आठ तास झोपून आलेले असतात. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी माणसांना सलग जागं ठेवून हात-डोळ्यांच्या चाचण्या दिल्या. 17 तास जागलेल्या माणसाची कामगिरी 50 मिलिग्रॅम प्यायलेल्याइतकी घसरली, 24 तासांनी 100 मिलिग्रॅमच्या आसपास. पहाटे पाचला उठलेली आई रात्री दहाला ग्लास भरते तेव्हा तिचे 17 तास भरलेले असतात. म्हणजे पहिला घोट घ्यायच्या आधीच ती एक लार्ज जवळजवळ प्यायलेली आहे. साचलेल्या जागरणावर पडलेली थोडीशी दारूही ताज्या माणसाच्या मानाने जास्त चढते.

आता बिछान्याकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटते. आपल्याकडे बाळ आईजवळ झोपतं. खाली गादी, वर गोधडी, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा बाप. पाश्चात्त्य पुस्तकं हे वाचून दचकतात, आणि आपण त्यांना हसतो की हजारो वर्षं असंच चाललंय. दोघांनाही ऐकण्यासारखं काही ब्रिटनमधल्या एका अभ्यासात आहे. तिथे झोपेत अचानक दगावलेल्या 400 बाळांची तुलना जिवंत बाळांशी केली, आणि ती 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. नुसतं आईजवळ झोपल्याने, जर ती सिगारेट ओढत नसेल, प्यायलेली नसेल आणि बिछाना सोफ्याचा नसेल, तर धोका ठळकपणे वाढलेला दिसला नाही. पण जवळ झोपलेल्या पालकाने त्यांच्या मापाने दोन युनिटांहून जास्त घेतलं असेल तर धोका अठरापट. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणं, तेही अठरापट. त्यांची दोन युनिटं म्हणजे 16 ग्रॅम. आपला लार्ज 20 ग्रॅमचा आहे.

न प्यायलेलं माणूस झोपेतही बाळाभोवती गुडघे दुमडून, हात वर घेऊन एक जागा राखतं. आया हे न शिकवता करतात. नशेत ती राखण सुटते. शरीर सैल, कूस वळते, हाताचं वजन कळत नाही, गोधडी नाकावर गेलेली कळत नाही. आणि हे फक्त आईचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशात 15 वर्षांवरच्या बायकांत दारू पिणाऱ्या 1.3 टक्के निघाल्या, पुरुषांत 19 टक्क्यांच्या जवळपास. भाचीच्या मैत्रिणीचा मुद्दा इथे पूर्ण बरोबर आहे, फक्त तिने तो अर्ध्यावर सोडला. नवऱ्याला कोणी विचारत नाही म्हणून बायकोलाही विचारू नका, हा निष्कर्ष चुकीचा. दोघांनाही विचारा, आणि त्यालाच आधी, कारण या देशात बाळाशेजारी पिऊन आडवा होणारा माणूस बहुतेक रात्री बाप असतो. समता पाहिजे तर ती गादीवरून सुरू करू: आज ज्याने घेतली तो दुसऱ्या खोलीत झोपेल. शनिवारी बियर पिऊन आलेला बाप लेकीला कुशीत घेऊन सोफ्यावर झोपला की आपण त्याचा गोड फोटो काढतो. तो फोटो मला आता बघवत नाही.

थकलेल्या बाईच्या घरात गुंगीची वस्तू शिरण्याची ही पहिली वेळ नाही. गेल्या शतकाच्या विशीत-तिशीत मुंबईच्या गिरणगावात बाळागोळी नावाची चीज होती. आत अफू. गिरणीत दहा तास उभं राहणारी बाई पाळीवर जाताना तान्ह्याला ती चाटवायची, म्हणजे ते पडून राहायचं. परत आल्यावर रात्रीही चाटवायची, म्हणजे तिला पाठ टेकता यायची. पोरं सुकायची, काही उठायचीच नाहीत. त्या काळच्या सभ्य मुंबईने यावर काय म्हटलं असेल याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही: अडाणी बायका, काळजाच्या दगड. पण बाळागोळी उपदेशाने मागे हटली नाही. ती हटली तिथे पाळणाघर आलं, कामाचे तास उतरले, बाळंतपणाची रजा आली. 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकावर डॉ. आंबेडकर बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. विश्रांती म्हणजे बाईचे लाड नव्हेत, ती सार्वजनिक हिशेबातली बाब आहे. 1929 मध्ये कायदा झाला. आज शंभर वर्षांनी वाकडला भाचीच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात गुंगी आईच्या ग्लासात आहे, बाळाच्या तोंडात नाही, एवढा बदल झाला. दमणूक तशीच आहे.

आणि कायद्यानेच ती एकीच्या नावावर लिहिलेली आहे. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी आईला 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली, हे उत्तमच. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत 15 दिवस. खासगी नोकरीत कायद्याने शून्य. सोळाव्या दिवसापासून घरात एक माणूस ‘सकाळी ऑफिस असलेलं’ होतं आणि दुसरं ‘घरीच असलेलं’. रात्रपाळी कोणाची, हे त्या वाक्यातच ठरून गेलेलं असतं. 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात गेली, ते करणाऱ्या पुरुषांची 88. ही दिवसाची मोजणी आहे. साडेबारा, तीन आणि पाचचं उठणं कोण मोजतं?

जुन्या व्यवस्थेत हे बरं होतं असं मी म्हणणार नाही; माहेरपणात लेकीला जी विश्रांती मिळायची ती पुष्कळदा तिच्या आईच्या पाठीतून निघायची. पण सव्वा महिन्यात एक शहाणपण होतं. बाळंतिणीच्या खोलीत रात्री दुसरी बाई असायची. बाळ रडलं की ती उठवायची नाही, उचलायची. भूक असेल तरच आईकडे द्यायची, नाहीतर खांद्यावर घेऊन फिरायची. आज न्यू जर्सीच्या मुलीची आई सहा महिन्यांच्या व्हिसावर जाते आणि परत येते, आणि पुण्यातल्या मुलीची आई स्वतः नोकरीत असते किंवा आजोबांच्या औषधांत अडकलेली असते. दुसरी बाई निघून गेली आणि तिच्या जागी कोणालाच उभं केलं गेलं नाही.

मला वाटतं, ग्लासाचं खरं काम इथे आहे, आणि विरोधकांचा हाच मुद्दा मला सगळ्यात अवघड जातो. भाची म्हणाली, “तो ग्लास म्हणजे दिवस संपल्याची खूण आहे. बाकी कशानेच माझा दिवस संपत नाही.” याला काय उत्तर देणार? ‘ध्यान कर’, ‘गरम दूध पी’? जिच्या अंगावर दिवसभर कोणीतरी लटकलेलं आहे, तिला पंधरा मिनिटं गॅलरी आणि हातात काहीतरी थंड हवं, ही मागणी शंभर टक्के रास्त आहे. गॅलरी राहू दे, वेळ राहू दे, तोच काचेचा ग्लासही राहू दे. आत कोकम सरबत सोडा घालून घेतलं तर संध्याकाळ कमी होत नाही. पण ही खूण खोटी आहे हे मला रम पिऊन कळलं. ग्लास म्हणतो ‘सुटलीस’, आणि सुटका झालेली नसते. दिवस खऱ्या अर्थाने तेव्हाच संपतो जेव्हा दुसरं कोणी ‘आता माझ्याकडे’ म्हणतं आणि तसं करतं.

म्हणून सुरक्षित विश्रांती म्हणजे माझ्या मते मुख्यतः एकच गोष्ट: रोज चार-पाच तासांचा सलग तुकडा, ज्यात तिचा कान सुटीवर आहे. तुकड्यातुकड्यांची सात तास झोप आणि एक सलग साडेचार तासांचा तुकडा यांत नव्या आईला दुसरा जास्त सावरतो, कारण गाढ झोप आणि स्वप्नांची झोप यांची चक्रं त्यात पुरी होतात. कान सुटीवर म्हणजे दुसरी खोली, बंद दार, हवं तर कानात बोळे. त्याच खोलीत झोपून ‘तू झोप, मी आहे’ म्हणणं फुकट जातं. बाळ हुं करतं आणि आई उठते. दूध काढून ठेवता आलं तर उत्तम: ताजं काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, आणि आपल्या उकाड्यात मी सरळ फ्रिजच म्हणेन. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने बाप पाजू शकतो; यात कसब नाही, धीर लागतो. दूध काढणं जमत नसेल तर बाळ आईकडे न्यायचं, पाजून झालं की लगेच उचलायचं. ढेकर, लंगोट, फिरवणं, पाळण्यात ठेवणं हे सगळं बाहेर. दर पाजण्यामागे चाळीसेक मिनिटं इथेच जातात, आणि ती आईची असायचं काही कारण नाही. रात्री मोठा दिवा लावायचा नाही. पाजताना झोप येणार हे गृहीत धरायचं आणि म्हणून सोफ्यावर, आरामखुर्चीवर बसायचंच नाही. डोळा लागलाच तर घट्ट गादीवर, उशी-गोधडी दूर सारून लागलेला बरा.

आणि कधीतरी घ्यायचीच असेल तर? मी सोवळं नेसून बसलेलो नाही. मग पाजून झाल्यावर घ्या, दर लहान पेगामागे दोन-अडीच तास पाजण्यात अंतर ठेवा, आणि बाळ त्या रात्री वेगळ्या पाळण्यात, न प्यायलेल्या माणसाच्या हाती. घरात असा माणूस नसेल तर ती रात्र ग्लासाची नाही. झोपेची गोळी किंवा गुंगी आणणारं खोकल्याचं औषध हा दारूला पर्याय नाही, आणि तिच्याबरोबर तर नाहीच. रोज संध्याकाळी हात थरथरू लागले असतील, दरदरून घाम येत असेल, तर एकदम बंद करण्याआधी डॉक्टर गाठा, कारण अशा वेळी अचानक तोडल्याने झटकेही येतात. अजून एक खूण ओळखून ठेवा. बाळ झोपलंय, दुसरं कोणी राखतंय, तरी आईला आठवडा-दोन आठवडे झोपच लागत नाही, किंवा मन सतत काळं आहे; मग हा थकव्याचा प्रश्न राहिलेला नसतो. बाळंतपणानंतरचं नैराश्य पुष्कळदा असंच दिसतं, दारू ते वाढवते, आणि त्याला उपचार आहेत. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेत हिशेब थोडा वेगळा, कारण तिथे अंत दिसत नसतो. बाळ सहाव्या-आठव्या महिन्यात थोडं सलग झोपू लागतं, वडील झोपत नाहीत. वडील पडले त्यानंतर मी आठवड्यातून दोन रात्री ब्यूरोची बाई ठेवली. पैसे खुपले. नंतर एकदा बसून जमा-खर्च मांडला तर रम, शेंगदाणे आणि ऑफिसात अर्ध्या दिवसाच्या कापल्या गेलेल्या रजा मिळून फरक फार उरत नव्हता. उरलेल्या पाच रात्रींत मोठा भाऊ दोन घेऊ लागला, तोवर त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. मला वाटायचं, विचारायचं काय त्यात, त्याला दिसत नाही का? त्याला दिसत नव्हतं. त्याला ‘दमतो बिचारा’ एवढंच दिसत होतं. आणि ग्लास हातात असलेला माणूस बघणाऱ्याला निवांत वाटतो.

त्या रविवारी जेवण थंड झाल्यावर मी भाचीच्या नवऱ्याला एवढंच विचारलं होतं की साडेबाराचं तू घेशील का. तो म्हणाला, मला सकाळी साडेआठला कॉल असतो. सासूबाई पटकन म्हणाल्या, दुपारी मी बघते बाळाला, तू रात्री बघ. त्यांच्या ग्लास-प्रकरणातला राग अजून गेलेला नव्हता, पण हिशेब त्यांना सगळ्यांत आधी कळला. परवा रात्री सव्वादहाला सहज फोन केला. त्यानेच उचलला आणि कुजबुजत म्हणाला, “मामा, उद्या बोलू. ती आतल्या खोलीत झोपलीय, ही खांद्यावर आहे. दोनपर्यंत माझी पाळी.”